निळं टोपण वर, केशरी टोक मांडीला

समजा, न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला बारा वर्षांचा भाचा कोल्हापुरात तुमच्या घरी जेवायला बसलाय. त्याला काजूची अ‍ॅलर्जी आहे. पनीरच्या भाजीचा रस्सा काजू वाटून केलाय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. मग उलटी होते, आवाज घोगरा होतो आणि खोकला थांबेना.

घरातलं कुणीतरी म्हणणारच, ‘पित्त उठलंय, आमसूल लावा.’ दुसरं कुणी सेट्रिझिनची गोळी शोधू लागेल. नुसत्या गांधी असत्या तर गोळी ठीक होती. पण त्वचेच्या जोडीला श्वास किंवा रक्तदाब बिघडला, म्हणजे आवाज बसला, धाप लागली, घरघर सुरू झाली, भोवळ आली, तर ते पित्त नव्हे, अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे. गोळीने खाज थांबते. सुजलेला घसा मोकळा होत नाही आणि पडलेला रक्तदाब चढत नाही. ही दोन्ही कामं अ‍ॅड्रेनलिन करतं. भाच्याच्या बॅगेत त्याचीच दोन पेनं आहेत.

इथे एपिपेनची रीत सांगतो. इतर कंपन्यांच्या पेनांची टोपणं आणि थांबायचे सेकंद वेगळे असतात, म्हणून त्यांच्यावरची सूचना वाचावी. पोराला आडवं करा, पाय घट्ट धरा. पेन मुठीत धरा, केशरी टोक खाली. अंगठा पेनाच्या कुठल्याच टोकावर ठेवू नका. घाईत पेन उलटं धरून स्वतःच्याच अंगठ्यात सुई मारून घेतलेले लोक आहेत. त्यांचं बोट पांढरंफटक पडतं आणि रुग्णाचं औषधही वाया जातं. निळं टोपण सरळ वर ओढून काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध, केशरी टोक ‘खट्’ आवाज येईपर्यंत जोरात दाबा आणि तीन सेकंद तसंच धरून ठेवा. पँट काढायची गरज नाही, सुई कापडातून जाते. फक्त खिशातला मोबाइल आणि जाड शिवण टाळा.

दंड सोडून मांडीच का? कॅनडातल्या विनिपेगच्या डॉक्टर एस्टेल सायमन्स यांनी १९९८ मध्ये अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांवर अभ्यास केला. मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन सरासरी आठ मिनिटांत रक्तात सर्वोच्च पातळीला पोचलं. त्वचेखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. मांडीचा हा स्नायू मोठा असतो आणि त्यात रक्त भरपूर खेळतं.

पेन काढल्यावर आत बरंच औषध उरलेलं दिसतं. घाबरू नका, ते तसंच बनवलेलं असतं. ठरलेला डोस, मोठ्या पेनात ०.३ मिलिग्रॅम, आत गेलेला असतो. केशरी टोक लांब होऊन सुई झाकली गेली, म्हणजे काम झालं. थोड्या वेळात छाती धडधडेल, हात थरथरतील. हा औषधाचाच गुण आहे.

खरी चूक होते ती यानंतर. दोन मिनिटांत पोराला जरा बरं वाटतं आणि मोठी माणसं म्हणतात, ‘ऊठ, तोंड धू, खाली गाडीत बस.’ अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. माणूस उभा राहिला की रक्त पायांत साठतं, हृदयाकडे परत येणारा ओघ आटतो आणि ते रिकामंच धडपडू लागतं. ब्रिटनमधल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड पम्फ्रे यांना काही जण उभे राहताच किंवा उठून बसताच गेल्याचं आढळलं. म्हणून आडवं ठेवा, पायाखाली उशा द्या. धाप फारच असेल तर पाय लांब करून टेकून बसवा. ओकारी येत असेल तर कुशीवर वळवा. जिना चालत उतरू देऊ नका, स्ट्रेचर वर येऊ दे.

१०८ ला फोन करा आणि पेन किती वाजता टोचलं ते लिहून ठेवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही किंवा त्रास पुन्हा वाढला, तर दुसरं पेन टोचा. आणि पूर्ण बरं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका. अ‍ॅड्रेनलिनचा असर ओसरतो, अ‍ॅलर्जी मात्र काही तासांनी पुन्हा उसळू शकते. म्हणून डॉक्टर काही तास नजरेखाली ठेवतात.

आपल्याकडे ही पेनं औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. अ‍ॅड्रेनलिनची एक मिलिलिटरची काचेची कुपी मात्र स्वस्त असते आणि डॉक्टर तीच सिरिंजमध्ये ओढून मांडीत देतात. घरात कुणाला काजू, कोळंबी किंवा मधमाशीच्या डंखाने एकदा जरी धाप लागली असेल, तर एवढं करा: ही कुपी तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे का आणि रात्री अकरा वाजता ती कुठे मिळेल, हे या आठवड्यातच विचारून ठेवा.