शून्याची अर्धी माफी

फ्रेंच रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक शून्य. मी हिशेब असा मांडतो. दर फेरीला लालवर १०० युरो लावले आणि ३७ फेऱ्यांत प्रत्येक घर एकदाच आले, तर जीत-हार फिटते. शून्यावर गेलेले १०० युरो हा कॅसिनोचा नफा, म्हणजे ३,७०० वर २.७० टक्के.

‘ला पार्ताज’ नियमात शून्यावर निम्मी रक्कम परत मिळते; नफा १.३५ टक्के उरतो. ‘आँ प्रिझाँ’मध्ये पूर्ण रक्कम पुढच्या फेरीपर्यंत अडकते: लाल आले तर नफ्याविना सुटते, काळे आले तर जाते. पुन्हा शून्य आल्यावरही ती जात असेल, तर नफा सुमारे १.३९ टक्के.

ही सवलत लाल-काळे, सम-विषम, लहान-मोठे एवढ्याच पैजांना आहे. तोटा निम्मा होतो, संपत नाही.