वीस डब्यांचा हिशेब

पन्नाशी ओलांडलेलं जोडपं ‘दोघांनी मिळून काहीतरी सुरू करू’ म्हणतं, तेव्हा त्याला बहुधा मोठा नफा नको असतो. दर महिन्याला पंधरा-वीस हजार हमखास यावेत आणि हातची पुंजी मोडू नये, एवढंच असतं. या अटींत दुकान बसत नाही, कारण गिऱ्हाईक येवो न येवो, गाळ्याचं भाडं चालूच राहतं. माझ्या मते या वयाला बसणारा धंदा जेवणाच्या डब्याचा. तोही महिनेवारी, फक्त दुपारचा आणि मोजक्या घरांचा. उद्या किती जेवण लागणार हे आदल्या रात्री ठाऊक असतं आणि पैसे आगाऊ येतात, ही सोय फार थोड्या व्यवसायांत आहे.

समजा, नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या शहरात स्वतःच्या घरात राहणारं जोडपं आहे. दारात स्कूटर आहे. दोघं मिळून २० डबे देतात आणि रविवारी सुट्टी घेतात, म्हणजे महिन्याचे २६ दिवस. डब्यात चार पोळ्या, एक भाजी, आमटी किंवा उसळ, भात आणि कोशिंबीर किंवा चटणी.

एक किलो पिठाच्या मध्यम आकाराच्या चाळीसेक पोळ्या होतात. २० डब्यांच्या ८० पोळ्यांना दोन किलो कणीक लागते. दळणासकट पीठ ४५ रुपये किलो धरलं तर चार पोळ्यांचा खर्च तेल-मीठ मिळून साडेसहा रुपये. भाजीचे १२, आमटीचे पाच, भाताचे चार, कोशिंबिरीचे पाच. सगळं शिधासामान मिळून ३३ रुपये. त्यावर गॅस तीन, पेट्रोल दोन, भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार डब्यामागे पाच आणि साबण, नासधूस वगैरे चार. एकूण ४७. गावागावात दर बदलतील, पण हिशेब याच वाटेने करायचा. डबा ९० रुपयांना दिला तर सुटतात ४३, आणि महिन्याच्या ५२० डब्यांचे २२ हजारांच्या आसपास होतात. कुणी सुट्टी घेतं, कुणाला पैसे परत द्यावे लागतात. ते वजा जाता १८ ते २० हजार धरावेत.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग ३५ डबे का नकोत? इथेच घोळ होतो. २० डब्यांपर्यंत ८० पोळ्या एक बाई दीड तासात लाटते आणि भाजते, आणि एक माणूस दोन किलोमीटरच्या आत सगळे डबे साडेबारापर्यंत पोचवतो. ३५ झाले की पोळ्या १४० होतात. मग पोळ्या लाटायला बाई ठेवावी लागते. वाढलेल्या १५ डब्यांतून साधारण १७ हजार सुटतात आणि त्यातले नऊ-दहा हजार बाईंच्या पगारात जातात. शिवाय ज्या दिवशी बाई येत नाहीत, त्या दिवशी १४० पोळ्या तुमच्याच मनगटावर येतात. तेव्हा आकडा मागणीवर ठरवू नये, ओट्यासमोर किती वेळ उभं राहवतं यावर ठरवावा. एकविसाव्या गिऱ्हाइकाला ‘जागा नाही’ म्हणणं सुरुवातीला जड जातं, पण म्हणावं.

भांडवल फार लागत नाही. मोठा खर्च डब्यांचाच असतो. एक डबा गिऱ्हाइकाकडे असताना दुसरा तुमच्याकडे धुतलेला हवा, म्हणजे २० घरांना तीन पुडांचे स्टीलचे ४० डबे. चारशेच्या भावाने १६ हजार होतात. पातेली, परात, मोठी शेगडी आणि व्यावसायिक गॅसजोडणीची अनामत मिळून ४५-५० हजारांत बसतं. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, कायद्याने ते बंद आहे. ‘एफएसएसएआय’कडे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी करून चौदा आकडी क्रमांक घ्यावा. नोंदणी जी स्वयंपाक सांभाळणार तिच्या नावाने असलेली बरी. कणीक मळायचं यंत्र पहिल्या दोन महिन्यांच्या मिळकतीतून घ्यावं, कारण खांदे आधी तिथे दुखायला लागतात.

कामाची वाटणी मात्र ‘ती रांधते, मी पैसे मोजतो’ अशी नको. मंडई, भाजी निवडणं-चिरणं, डबे भरणं, पोचवणं आणि वही, हे सगळं त्याच्याकडे गेलं तरच तास बरोबरीचे होतात. पोळी त्यालाही लाटता आलीच पाहिजे. नकाशा झाला तरी चालेल, पण ती तापाने पडली तर निदान दहा डबे निघतील.

आता गिऱ्हाईक कोण? विद्यार्थी सगळ्यात लवकर मिळतात आणि सगळ्यात आधी जातात. दिवाळीत आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामं झालं की तुमचा धंदाही बसतो. मुंबईच्या गिरणगावात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. घरी खाणावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पण १९८२चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा जेवणाराचा पगार बंद पडला आणि त्याच्या मागोमाग खाणावळीची आवकही आटली. म्हणून एका वसतिगृहाचे किंवा एका कंपनीचे पाच-सहापेक्षा जास्त डबे घेऊ नयेत. निम्मे डबे आसपासच्या एकट्यादुकट्या ज्येष्ठांचे असावेत. त्यांची मुलं परगावी असतात, पैसे बहुधा मुलंच भरतात आणि ही माणसं बारा महिने जेवतात. त्यांना मऊ पोळी, बेताचं तिखट आणि कमी तेल लागतं. हे सुरुवातीलाच विचारून लिहून ठेवावं.

धंदा बिघडतोय हे सगळ्यात आधी परत आलेल्या डब्यात दिसतं. डबे थेट घासायला टाकू नयेत, एकदा उघडून पाहावेत. सलग दोन दिवस भाजी तशीच आली तर चव चुकतेय. चौथी पोळी रोज परत येत असेल तर त्या घराला तीनच पोळ्या हव्यात. पोळीची कड ओली, चिकट दिसली तर ती गरम असतानाच भरलेली असते. तव्यावरून काढलेली पोळी जाळीवर दोन-तीन मिनिटं ठेवून वाफ जिरू द्यावी आणि मग कापडात गुंडाळून भरावी. उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी डब्यात नकोच. उसळीला तार सुटायला फार वेळ लागत नाही, म्हणून ती सकाळीच करावी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी कुणालाही देऊ नये.

दोन नियम पहिल्या दिवशी सांगावेत, नंतर सांगितले की वाईटपणा येतो. महिन्याचे पैसे एक तारखेच्या आत. आणि उद्या डबा नको असेल तर रात्री आठच्या आत निरोप, नाहीतर तो दिवस धरला जाईल. सकाळी नऊला ‘काकू, आज नको’ असा फोन येतो तेव्हा भाजी चुलीवर चढलेली असते.

पावसाळ्यात पालेभाजी महागली की दर वाढवायचा मोह होतो. तो न वाढवता आठवड्यात दोनदा पिठलं, मटकीची उसळ किंवा डाळ-वांगं करावं. कुणी कुरकुरत नाही. दर वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये, वही समोर ठेवून वाढवावा आणि महिनाभर आधी कळवावं. दोन-तीन घरं सोडून जातील हे धरून चालावं. म्हणूनच ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांचे फोन नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेले असावेत.