डबीसकट ४० तास

वायरलेस इअरफोनच्या खोक्यावर बरेचदा सर्वात मोठ्या अक्षरांत बॅटरीचा आकडा असतो. समजा, ४० तास. अनबॉक्सिंगच्या रीलमध्ये तोच उचलून पडद्यावर टाकला जातो, शेजारी आगीची इमोजी. पहिल्यांदाच इअरफोन घेणाऱ्याला वाटतं, एकदा चार्ज केले की पुण्याहून नागपूरला जाऊन परत येईपर्यंत बघायला नको. प्रत्यक्षात कानातले बड्स सहा-सात तासच चालतात. उरलेले तास डबीच्या बॅटरीत असतात, म्हणजे मध्ये मध्ये बड्स डबीत ठेवून पुन्हा चार्ज करावे लागतात. शिवाय हा आकडा सहसा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. खोक्यामागच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही असतं, पण रीलमध्ये खोक्याची मागची बाजू दाखवतो कोण?

असे रील पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच बघतात, लोकलमध्ये किंवा रात्री अंथरुणात. त्यामुळे सांगायचं ते पडद्यावरच्या अक्षरांनीच सांगावं लागतं. समजा, बाराशे रुपयांच्या बड्सचं ३० सेकंदांचं रील आहे. पहिली ओळ अशी ठेवता येईल: ‘४० तास? कानात ७, बाकी डबीत.’ घेणाऱ्याची फसगत जिथे होते तिथेच ती बोट ठेवते. ‘चला, उघडूया!’ ही ओळ कुणालाच काही सांगत नाही. खोकं उघडताना दिसतंच आहे.

मग खोकं उघडतं. डबीतून बड काढून कॅमेऱ्याजवळ धरा. बऱ्याच नव्या बड्सच्या चार्जिंगच्या पिनांवर पातळ प्लॅस्टिकची चिकटपट्टी असते. ती काढली नाही तर बड चार्ज होत नाही. नवखा माणूस ती न पाहताच बड डबीत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ‘एक बाजू बंद आहे’ म्हणून दुकानात हजर होतो. म्हणून नखाने पट्टी सोलताना दाखवा आणि वर लिहा: ‘ही पट्टी आधी काढा.’ ओळ चारच शब्दांची, पण ती सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर राहिली पाहिजे. बनवणाऱ्याला स्वतःचा मजकूर पाठ असतो, म्हणून तो ओळ फार लवकर काढून टाकतो.

त्यानंतर रबरी टिप्स. खोक्यात बहुधा तीन मापं येतात आणि मधलं आधीच बसवलेलं असतं. टिप सैल बसली तर बेस गळतो आणि माणूस चांगल्या बड्सनाही नावं ठेवतो. इथे ‘आवाज पातळ वाटतोय? टिप बदलून बघा’ एवढं पुरे. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, हे या रीलमधून खुशाल गाळावं. त्यावरून आवाज चांगला की वाईट ते ठरत नाही.

सर्वात जास्त घोळ होतो तो ईएनसी आणि एएनसी यांत. स्वस्त बड्सवर सहसा ईएनसी असतं. फोनवर बोलताना तुमच्या भोवतीचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा, ही त्याची कामगिरी. बसचा घरघराट तुमच्या स्वतःच्या कानात कमी करायचा तर एएनसी लागतं. रीलमध्ये नुसतं ‘नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलं की बघणारा दुसरा अर्थ धरून पैसे मोजतो. त्याऐवजी लिहा: ‘ईएनसी: फायदा समोरच्याला, तुमच्या कानाला नाही.’

ओळी पडद्याच्या मधल्या पट्ट्यात ठेवाव्यात. खाली अकाउंटचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं; तिथली अक्षरं त्यांच्याखाली जातात. दोन ओळींत अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अक्षर जाड केलं तर जोडाक्षरांचा गोळा होतो, तेव्हा साधा फाँट बरा.

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालतं, पण उघडल्याशिवाय सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. त्यामुळे ‘नमस्कार मित्रांनो’ने सुरुवात करणं म्हणजे ती जागा वाया घालवणं. या रीलचं कॅप्शन असं होऊ शकतं: ‘पहिलेच बड्स घेताय? कानात ७ तास, डबीसकट ४०. कॉलला ठीक, पण बसचा आवाज ऐकू येणारच. पावसाची सर आली तर डबी आधी खिशात घाला: पाणीरोधक आकडा बरेचदा बड्सचा असतो, डबीचा नसतो.’

बड्स कंपनीने फुकट पाठवले असतील, तर आणखी एक शब्द लागतो. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था ‘अ‍ॅस्की’ हिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. १५ सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओत जाहिरातीची खूण एकतृतीयांश वेळ दिसली पाहिजे, असं ते सांगतात. आपल्या रीलमध्ये म्हणजे १० सेकंद. पैसे घेतले नाहीत, नुसती वस्तू मिळाली, तरीही नियम लागू होतो. कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत तो शब्द कोंबून भागत नाही. ‘बड्स कंपनीकडून मोफत, जाहिरात’ असं पहिल्या ओळीच्या वर लिहावं आणि चिकटपट्टी सोलून होईपर्यंत तिथेच राहू द्यावं.