मिठाच्या पाण्यातलं बी आणि तक्त्यात न दिसणारा लॉट

भाताचं बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढावं, अशी शिफारस कृषी खातं वर्षानुवर्षं करत आलं आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, बी ओतून ढवळायचं, वर तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं आणि तळाला बसलेलं वजनदार बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. हे द्रावण ३ टक्क्यांचं. प्रयोगशाळेत भाताची उगवण ज्या द्रावणांत तपासतात, त्यांपैकी १०० मिलिमोलरच्या द्रावणात लिटरमागे फक्त ५.८४ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे शेतकऱ्याच्या पिंपातलं पाणी त्याच्या पाचपट खारट. तरी बी मरत नाही, कारण ते त्यात काही मिनिटंच राहतं आणि लगेच धुतलं जातं. बशीत मात्र त्याला आठ-दहा दिवस त्याच पाण्यावर काढायचे असतात.

रायगडच्या खारजमिनीत किंवा गोव्याच्या खाजणात भात घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खास याच जमिनींसाठी भाताचे वाण काढले आणि गोव्यातला कोरगुट तर पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्याशी झगडत आला आहे. त्यामुळे कोकणातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राच्या मुलांना हा प्रकल्प हटकून सुचतो. मांडणीही सोपी. पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपर, त्यावर २५ दाणे, ५ मिलिलिटर द्रावण. मिठाच्या चार पातळ्या, म्हणजे ०, ५०, १०० आणि १५० मिलिमोलर, आणि प्रत्येक पातळीच्या चार बश्या. मुळाचा कोंब २ मिलिमीटर बाहेर आला की दाणा उगवला असं धरायचं आणि रोज मोजायचं.

घोळ होतो तो बियाण्यात. चांगलं बी पुरत नाही, मग उरलेल्या बश्या दुसऱ्या पिशवीतल्या बियाण्याने भरल्या जातात. वाण तोच, गाव तेच, मग फरक काय पडतो? उदाहरणादाखल दोन लॉट घेऊ. पहिला गेल्या हंगामातला, कोरड्या जागी ठेवलेला. साध्या पाण्याच्या चार बश्यांत त्याचे २४, २३, २५ आणि २४ दाणे उगवले, म्हणजे शंभरात ९६. शंभर मिलिमोलरमध्ये १९, २१, १८ आणि २०, म्हणजे ७८. दुसरा लॉट त्याआधीच्या वर्षीचा, पावसाळ्यात ओल लागलेला. साध्या पाण्यात १८, १६, १९, १७, एकूण ७०. मिठात १२, ९, १३, १०, एकूण ४४.

आता समजा साध्या पाण्याच्या बश्या पहिल्या लॉटने भरल्या आणि बी संपल्यावर मिठाच्या बश्या दुसऱ्याने. अहवालात येईल: मिठामुळे उगवण ९६ वरून ४४ वर आली. प्रत्यक्षात मिठाने पहिल्या लॉटचे १८ दाणे रोखले आणि दुसऱ्याचे २६. बाकीची घट जुन्या पिशवीची. उलट भरलं तर गंमत आणखी मोठी. साध्या पाण्यात ७०, मिठात ७८. मिठाने भात जोमाने उगवतो, असा शोध लागलाच म्हणून समजा! आकडे खरे, मोजणी प्रामाणिक, निष्कर्ष मात्र खोटा. आणि लॉटचा रकाना तक्त्यात नसेल तर हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

उपाय महागडा नाही. दोन लॉट वापरायचेच असतील तर दोन्ही प्रत्येक पातळीत, सारख्या संख्येने, पण वेगवेगळ्या बश्यांत असले पाहिजेत. मग प्रत्येक लॉटची तुलना त्याच्याच साध्या पाण्याशी करता येते. पहिल्याने मिठात आपली ८१ टक्के उगवण राखली, दुसऱ्याने ६३ टक्के. दोन्हींची सरसकट सरासरी काढली असती तर ८३ वरून ६१, एवढंच दिसलं असतं. एक लॉट मिठापुढे जास्त वाकला, ही सगळ्यात कामाची माहिती त्यात बुडाली असती. पण इथेही लेखणी आवरायला हवी. ‘जुनं बी मिठाला लवकर बळी पडतं’ असं लिहायचा मोह होतो, तो टाळावा. दोन पिशव्यांत वयाचा फरक आहे तसाच साठवणीचाही आहे. ‘या दोन लॉटांत असं दिसलं’, एवढंच म्हणता येतं. शिवाय नवं ते चांगलं हेही भातात खरं नसतं. नुकतंच कापणी केलेलं बी अनेकदा सुप्तावस्थेत असतं आणि कमी उगवतं. आणि एक लॉट तीन टक्क्यांच्या पाण्यातून निवडलेला, दुसरा तसाच पोत्यातून आणलेला असेल, तर तेही लिहायलाच हवं.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे दाण्यांची संख्या फुगवणं. चार बश्यांत शंभर दाणे असले तरी प्रयोगाच्या हिशोबात ते शंभर नव्हेत, चार आहेत. एका बशीतले पंचवीस दाणे एकाच कागदावर, एकाच पाण्यात असतात. एकाला बुरशी लागली की शेजाऱ्यांनाही लागते. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसरशास्त्रज्ञाने १९८४ साली अशा फसव्या पुनरावृत्तीवर लिहिलेला लेख आजही सांख्यिकीच्या तासाला हमखास निघतो. म्हणून अहवालात टक्केवारीबरोबर चारही बश्यांचे आकडे द्यावेत. ऐंशी टक्के उगवणीच्या बियाण्यात २५ पैकी १६ ते २४ असा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पण तिघींत १९-२० आणि चौथीत ९ निघाले तर ती बशी उघडून बघावी: बुरशी, सुकलेला कागद, की दाणे मुळात कमी टाकलेले? कारण सापडलं तर ते नोंदवून बशी वगळावी. सापडलं नाही तर ती तक्त्यात राहू द्यावी, सरासरी कितीही बिघडो.

सुकण्याची भानगड तर मिठाच्या प्रयोगात हमखास. पाच मिलिलिटरमधलं एक मिलिलिटर पाणी उडालं की १०० चं द्रावण १२५ चं होतं, कारण मीठ जागीच राहतं. मुलं त्यात पुन्हा तेच खारं द्रावण घालतात आणि बशीतलं एकूण मीठ आणखी वाढतं. बशी पहिल्या दिवशी तोलून ठेवावी आणि वजन घटेल तेवढं डिस्टिल्ड पाणी घालावं. सगळ्या खाऱ्या बश्या एकाच फळीवर ठेवू नयेत. वरची फळी बहुधा जास्त उबदार असते. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवाव्यात.

मोजणी कितव्या दिवशी केली हेही आकड्याइतकंच महत्त्वाचं. मीठ आधी उगवण लांबवतं, मग रोखतं. तिसऱ्या दिवशी मेल्यासारखी दिसणारी बशी आठव्या दिवशी बरीच भरून येते. शेवटच्या मोजणीनंतर न उगवलेले दाणे फेकून न देता धुऊन साध्या पाण्यावर ठेवले, तर आणखी एक गोष्ट कळते. त्यातले बरेच उगवले तर मिठाने फक्त पाणी ओढू दिलं नव्हतं. उगवले नाहीत तर सोडियम-क्लोराइडने आतच इजा केली असावी, किंवा ते दाणे मुळातच मेलेले असावेत. या शेवटच्या शक्यतेचा अंदाज साध्या पाण्याच्या बशीवरून, त्याच लॉटच्या, येतो.

एवढं सगळं नीट केलं तरी बशीतला आकडा शेतात जसाच्या तसा नेता येत नाही. भात उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसतो. त्याची खरी नाजूक वेळ कोवळ्या रोपाची आणि पुढे फुलोऱ्याची.