प्रोबेशन संपले, पत्र आले नाही

प्रोबेशनची मुदत संपली आणि कार्यालय गप्प राहिले, म्हणजे नोकरी आपोआप कायम झाली, असा सर्रास समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. नियमात किंवा नेमणूकपत्रात कमाल मुदत नसेल, तर माणूस कामावर राहिला तरी प्रोबेशनवरच राहिला असे न्यायालये मानतात.

कमाल मुदत लिहिलेली असेल, तर चित्र पालटते. पंजाबच्या शिक्षण सेवेत प्रोबेशन तीन वर्षांपेक्षा वाढवता येत नव्हते. एका शिक्षकाला त्यानंतरही कामावर ठेवले आणि पुढे साधे पत्र देऊन काढले. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने धरम सिंग प्रकरणात तो कायम झाल्याचे मानले. मात्र कायम करण्यासाठी परीक्षा किंवा स्वतंत्र आदेश आवश्यक असेल, तर हा आधार तोकडा पडतो.

समजा, 1 जूनला रुजू झालेल्याच्या पत्रात ‘सहा महिने, फार तर आणखी तीन’ असे आहे. पहिली मुदत 30 नोव्हेंबरला संपते, कमाल मुदत फेब्रुवारीअखेर. डिसेंबर लागताच ‘मुदत संपली, निर्णय लेखी कळवावा’ असा ईमेल धाडावा. तोंडी ‘होईल हो, काळजी नको’ला पुरावा म्हणून किंमत नाही. मार्चमध्ये मागची तारीख टाकलेले मुदतवाढीचे पत्र पुढे आले, तर सहीखाली ते मिळाल्याची खरी तारीख लिहावी.