धुळीच्या ॲलर्जीवरची इंजेक्शने: कोणाला, किती वर्षे, किती धोका

ॲलर्जन इम्युनोथेरपी म्हणजे ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे, त्याच पदार्थाचा अर्क अगदी कमी मात्रेपासून वाढवत नेऊन शरीराला त्याची सवय करून देणे. बोलीत याला ‘ॲलर्जीची इंजेक्शने’ किंवा ‘ॲलर्जीची लस’ म्हणतात. हा उपचार नवा नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क टोचून परागज्वरावर केलेले प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी ते पुढे चालवले. नाकाच्या ॲलर्जीवरची इतर औषधे लक्षणे दाबतात, थांबवली की लक्षणे परत येतात. इम्युनोथेरपी मात्र ॲलर्जीच्या मुळाशी असलेला शरीराचा प्रतिसादच बदलते. त्यासाठी ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि क्वचित ती जिवावरही बेतू शकते.

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई आणि कोकणच्या दमट पट्ट्यात, बारमाही ॲलर्जिक सर्दीचे एक मोठे कारण म्हणजे घरातील धुळीतले माइट. हे डोळ्यांना न दिसणारे, कोळ्याच्या कुळातले आठ पायांचे जीव. ते माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या कणांवर जगतात, पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात. म्हणून गादी, उशी आणि रजई ही त्यांची आवडती वस्ती. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची. ज्याला ही ॲलर्जी आहे त्याच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि ती नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर चिकटून बसतात. माइटचे प्रथिन येऊन भिडले की या पेशी हिस्टामिन सोडतात. मग सटासट शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, खाज आणि शेवटी नाक चोंदणे. इम्युनोथेरपीत त्याच प्रथिनाची मात्रा सावकाश वाढवत नेली की नियंत्रक टी पेशी वाढतात आणि आयजीजी-4 नावाची वेगळी प्रतिपिंडे तयार होतात. ती प्रथिनाला आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात. आयजीई रक्तातून नाहीसे होत नाही, त्यामुळे उपचार यशस्वी होऊनही रक्तचाचणी ‘पॉझिटिव्ह’ येत राहते.

हा उपचार कोणासाठी, हे ठरवताना पहिला प्रश्न असा की नेहमीचे औषध खरोखर नीट घेतले गेले आहे का. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे हा या आजाराचा मुख्य उपचार. तो शिंका आल्या की मारायचा नसतो. रोज, काही आठवडे सलग वापरावा लागतो आणि त्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या भिंतीकडे वळवावे लागते. ‘स्प्रेने काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचे चुकते ते इथेच. दुसरी एक गफलत दुकानातून थेट आणलेल्या नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब दिवसेंदिवस वापरले की नाक त्यांच्यामुळेच चोंदू लागते. नाकाचा पडदा फारच वाकडा असेल किंवा आत पॉलिप असतील तर त्या अडथळ्यावर ॲलर्जीची लस काही करू शकत नाही. हे सगळे तपासून झाल्यावरही झोप आणि कामाचा खोळंबा होत असेल, किंवा औषधे सोसत नसतील, तरच इम्युनोथेरपीचा विचार करायचा.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे: ॲलर्जी नेमकी कशाची? उदाहरण म्हणून ठाण्यात राहणारी 28 वर्षांची एक तरुणी घेऊ. तिला वर्षभर सकाळी उठताच शिंका येतात, अंथरूण झटकले की त्रास वाढतो, गावाबाहेर मोकळ्या हवेत कमी होतो. सौम्य दमा आहे, पण रोजच्या इनहेलरने तो आटोक्यात आहे. तपासणीआधी सुमारे आठवडाभर तिची ॲलर्जीची गोळी बंद ठेवली जाते, नाहीतर चाचणी खोटी नकारात्मक येते. मग हातावर अर्कांचे थेंब ठेवून त्यांतून त्वचेला हलकेच टोचतात. सोबत एक थेंब हिस्टामिनचा आणि एक साध्या सलाइनचा असतो. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेल्या गाठी मोजतात. सलाइनपेक्षा किमान 3 मिलिमीटर मोठी गाठ सकारात्मक धरतात. हिच्या हातावर माइटची गाठ 7 मिलिमीटरची, झुरळाची आणि कोळंबीची प्रत्येकी 3 मिलिमीटरची.

इथे घाई केली तर उपचाराची दिशाच चुकते. ही तरुणी कोळंबी मजेत खाते, तिला कधीच काही झालेले नाही. माइट, झुरळ आणि कोळंबी या तिघांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचे मिळतेजुळते प्रथिन असते, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याच्या त्वचेवर दुसऱ्याचीही गाठ उठू शकते. म्हणजे तिने कोळंबी सोडण्याचे कारण नाही आणि कोळंबी टोचण्याचा तर प्रश्नच नाही. सकारात्मक चाचणी म्हणजे आजार नव्हे. गाठ आणि रोजचा अनुभव जुळला तरच त्या पदार्थाला दोषी धरायचे. हिच्या बाबतीत जुळतो तो माइट, म्हणून लस एकट्या माइटचीच. साठ-सत्तर पदार्थांची चाचणी करून ज्याची-ज्याची गाठ उठली त्या सगळ्यांची एका बाटलीत भेसळ करून देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिला शास्त्राचा आधार नाही. अशा मिश्रणात प्रत्येक पदार्थाची मात्रा परिणामाच्या पातळीखाली जाते. शिवाय बुरशी आणि झुरळांच्या अर्कांतील विकरे परागकणांची प्रथिने तोडून टाकतात. बाटलीत काय आणि किती आहे, हे लेखी मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

काहींना हा उपचार देऊच नये. आटोक्यात नसलेला दमा हा सर्वांत मोठा नकार. कर्करोग किंवा जोरात असलेला स्वप्रतिकार आजार असेल तरी तो टाळतात. बीटा ब्लॉकर गटातील रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तीव्र प्रतिक्रिया आल्यावर जीव वाचवणारे ॲड्रिनलीन नीट काम करत नाही, म्हणून आधी गोळी बदलता येते का ते पाहावे लागते. पाच वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत. गरोदरपणात नवा कोर्स सुरू करत नाहीत. मात्र ठरलेली मात्रा आधीच सोसत असेल तर ती न वाढवता चालू ठेवता येते. आपल्या उदाहरणातील तरुणीला दुसऱ्या वर्षी दिवस गेले तर इंजेक्शने सोडण्याची गरज नाही.

इंजेक्शन दंडाच्या मागच्या बाजूला, त्वचेखाली देतात. सुरुवात अंतिम मात्रेच्या सुमारे हजारपट पातळ द्रावणाच्या 0.05 मिलिलिटरने होते. दर आठवड्याला ती थोडी वाढवत, पातळ बाटलीकडून घट्ट बाटलीकडे जात, साधारण चार ते सहा महिन्यांत पूर्ण मात्रेवर पोहोचतात. त्यानंतर महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी टोचण्याआधी विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: या आठवड्यात दम लागला का, ताप आहे का, नवे औषध सुरू झाले का, मागच्या इंजेक्शनानंतर काय झाले. समजा दहाव्या आठवड्यात ही तरुणी ताप आणि छातीत घरघर घेऊन आली, तर त्या दिवशी इंजेक्शन द्यायचे नाही. बरे झाल्यावर, खंड मोठा पडला असेल तर मात्रा कमी करून पुन्हा चढायचे. नवी बाटली उघडल्यावरही सुरुवातीची मात्रा कमीच ठेवतात.

टोचल्या जागी सूज आणि खाज येणे नेहमीचे आहे. भीती असते ती अंगभर होणाऱ्या प्रतिक्रियेची. तळहातांना खाज, अंगावर पित्ताच्या गांधी, अचानक शिंका, घसा आवळणे, खोकला, घरघर, डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काहीही दिसले तर वाट पाहण्यात वेळ घालवायचा नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ताबडतोब ॲड्रिनलीन देतात, प्रौढाला 0.3 ते 0.5 मिलिग्रॅम. ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेतील जुन्या पाहण्यांत साधारण 20 ते 25 लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू नोंदला गेला आणि त्या रुग्णांमध्ये आटोक्यात नसलेला दमा असणारे बरेच होते. ब्रिटनमध्ये 1986 साली अशाच मृत्यूंच्या नोंदींनंतर या उपचारावर कडक बंधने आली. बहुतेक गंभीर प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या तासात येतात, म्हणून तेवढा वेळ दवाखान्यातच बसायचे आणि त्या दिवशी पुढचे दोन-तीन तास धावणे किंवा जिम टाळायची. जिथे ॲड्रिनलीन हाताशी नाही किंवा अर्धा तास थांबवत नाहीत, तिथे हे इंजेक्शन घेऊ नये. बाटली घरी आणून टोचून घेणे तर नकोच.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या किंवा थेंब हा दुसरा मार्ग. पहिली मात्रा डॉक्टरांसमोर, पुढच्या घरी, रोज एक. तोंडाला आणि घशाला खाज सुटते, ती बहुधा काही आठवड्यांत कमी होते. जीवघेणी प्रतिक्रिया इंजेक्शनापेक्षा खूपच दुर्मीळ. अडचण निराळीच आहे: रोजची गोळी तीन वर्षे न चुकता घेणे अनेकांना जमत नाही आणि मध्येच सोडून दिली जाते.

फरक जाणवायला काही महिने लागतात. अपेक्षा मात्र माफक ठेवावी. माइटच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत बनावट गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्रास साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाला. एकेका माणसात तो याहून पुष्कळ अधिकही होतो, तर काहींना काहीच फरक पडत नाही. पूर्ण मात्रेवर वर्षभर राहूनही शिंका आणि स्प्रेचा वापर पूर्वीइतकाच असेल, तर निदान पुन्हा तपासून उपचार थांबवणेच योग्य.

फायदा दिसला तर तो किमान तीन वर्षे, गरज पडल्यास पाच वर्षे चालू ठेवतात. हा आकडा सहज ठरलेला नाही. गवताच्या परागकणांवरील 1999 च्या एका ब्रिटिश अभ्यासात तीन ते चार वर्षे इंजेक्शने घेतलेल्यांचा आराम ती थांबवल्यानंतरही तीन वर्षे टिकला. त्याच लंडनच्या संशोधकांच्या 2017 च्या चाचणीत मात्र दोन वर्षांतच उपचार थांबवला आणि पुढच्या एका वर्षात जिभेखालच्या गोळ्या घेतलेल्यांना बनावट औषध घेतलेल्यांपेक्षा अधिक आराम उरला नव्हता. ज्याला तीन वर्षे वेळ आणि पैसा देणे शक्य नाही, त्याने हा उपचार सुरू न करता रोजच्या स्प्रेवरच राहिलेले बरे. पूर्ण कोर्सनंतरही काहींची सर्दी काही वर्षांनी परतते. तेव्हा पुन्हा तपासणी करून दुसरा कोर्स घेता येतो.