तारीख नव्हे, रात्र मोजा

तारकर्लीसारख्या ठिकाणी तीन खोल्यांचा होमस्टे असेल, तर वेबसाइटवर खोल्यांचे फोटो आणि दर टाकणं सोपं. घोळ होतो तो कॅलेंडरमध्ये. पाहुणे २४ डिसेंबरला येऊन २६ ला सकाळी निघणार असतील, तर भरल्या फक्त २४ आणि २५ च्या रात्री. पण मालक २६ तारखेवरही लाल खूण करतो आणि ऐन हंगामात एक रात्र रिकामी जाते. म्हणून कॅलेंडरमध्ये रात्री मोजाव्यात, निघण्याचा दिवस मोकळा ठेवावा.

दुसरी अडचण उशिराची. एअरबीएनबीसारख्या साइटचं कॅलेंडर लिंकने आपल्या वेबसाइटला जोडता येतं, पण तिथलं बुकिंग इथे दिसायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात तीच खोली दुसऱ्याला गेली, तर रात्री दहाला दोन कुटुंबं दारात! त्यामुळे छोट्या घराला थेट बुकिंगपेक्षा चौकशीचा फॉर्मच बरा, असं माझं मत. चौकशी आली की तारखा पिवळ्या करा, दोन्हीकडचं कॅलेंडर स्वतः तपासा, मगच आगाऊ रक्कम मागा. पैसे जमा झाले की लाल. पिवळी खूण किती तास टिकेल, हे मात्र फॉर्मवरच स्पष्ट लिहा.